पेव : २४ पानांच्या कॉमिकची स्क्रिप्ट, सुरुवातीपासूनच्या नोंदी

१ जून, सांगली

विषय पक्का झाला. हरिपूरचं हळदीचं पेव आणि २००५ चा महापूर. २४ पानं, ए-५ साइज, मधोमध पिना मारलेलं पुस्तक, सगळं काळंपांढरं आणि त्यात फक्त एकच रंग, पिवळा. स्क्रिप्ट मी लिहिणार, चित्रं मिरजेची मैत्रीण काढणार.

ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार, तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढंच, आणि खाली पोट मोठं. आतून पाला वगैरे लावायचा, हळद ओतायची आणि तोंड दगडमातीनं लिंपून टाकायचं. आत नवी हवा जात नाही, आहे त्यातला ऑक्सिजन संपत जातो, म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. सांगलीच्या हळदबाजाराचा माल या पेवांत राहायचा. २००५ च्या पुरात पाणी आत गेलं आणि खूप पेवं कायमची गेली.

पण ज्या कारणानं हळद टिकते त्याच कारणानं आत उतरणारा माणूस मरू शकतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, थोडा वेळ उघडं ठेवतात आणि आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस जातो. या एका कृतीसाठी मला कॉमिक करायचंय. सिनेमात हा सीन पार्श्वसंगीतावर निघून जाईल, कथेत लिहिला तर वाचक दोन ओळीत पुढे जाईल, पण कॉमिकमध्ये कंदील किती वेळ खाली जातोय हे आपण पॅनल मोजून ठरवू शकतो.

गोष्ट एवढीच : आबा, त्यांची नात बबी, आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पेवात उतरणारा हमाल. उन्हाळ्यात पेव उघडून निम्मी हळद काढतात आणि पुन्हा लिंपतात. पूर येतो. पूर ओसरल्यावर पेव परत उघडतात.

निम्मी हळद आधी काढणं गरजेचं आहे बरं का. पेव काठोकाठ भरलेलं असेल तर कंदील खाली जाणार कुठे? वरचा अर्धा भाग रिकामा असेल तरच त्या सीनला खोली मिळते.

४ जून

अजून एकही संवाद लिहिला नाही. आधी पानांचा नकाशा काढला, म्हणजे २४ छोट्या चौकोनांचा कागद, प्रत्येकात एक ओळ.

पुस्तकात विषम पान उजवीकडे येतं आणि सम पान डावीकडे. वाचक पान उलटतो ते उजव्या पानाच्या शेवटी. म्हणजे जे काही लपवून ठेवायचंय ते सम पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच यायला हवं, कारण समोरासमोरची दोन पानं वाचकाला एकदमच दिसतात. कंदील विझणं पान १७ वर ठेवलं तर १६ वाचता वाचताच डोळ्याच्या कडेला काळं पॅनल दिसणार आणि सगळं वाया. म्हणून कंदील खाली जातो पान १७ वर, पान उलटायचं, आणि विझतो पान १८ च्या पहिल्या पॅनलमध्ये.

दुसरी गोष्ट पिवळ्या रंगाची. पिन मारलेल्या २४ पानी पुस्तकाला सहा कागद लागतात आणि एका कागदावर चार पानं असतात, पण ती ओळीनं नसतात. सगळ्यात बाहेरच्या कागदावर २४, १, २, २३. त्याच्या आत २२, ३, ४, २१. त्याच्या आत २०, ५, ६, १९. म्हणजे पान ५ आणि पान २० एकाच कागदाच्या एकाच बाजूला छापलं जातं. पिवळा फक्त या दोन पानांवर आला तर सगळ्या पुस्तकात एकाच कागदाची एकच बाजू रंगीत छापावी लागेल आणि बाकी सगळं काळंपांढरं, खर्च एकदम खाली.

आणि गोष्टीलाही तेच सोयीचं पडतंय. पान ५ वर उन्हाळ्यातलं पेव, चांगली कोरडी हळद. पान २० वर पुरानंतरचं पेव. पान २० सम आहे, म्हणजे तेही पान उलटल्यावरच दिसणार. प्रेसच्या हिशोबानं गोष्टीची दोन टोकं एकमेकांसमोर आणून ठेवली म्हणायची. कंदिलाचा उजेड पिवळा करायचा नाही हेही इथेच ठरलं, उजेड पांढराच राहील. पिवळं म्हणजे हळद, दुसरं काही नाही.

मधली दोन पानं १२ आणि १३. ती एकाच कागदाच्या एकाच बाजूला सलग असतात, त्यामुळे दोन पानांवर पसरलेलं चित्र जोडावर सरकत नाही. पूर तिथे. पेवाला मी जोडपान देणार नाही, कारण जोडपान आडवं असतं आणि पेव खोल. पाणी पसरतं त्याला रुंदी पाहिजे, खोलीला पानाची उंची पाहिजे.

९ जून

पान ५ लिहिलं. या पानावर दिसायला एक नेहमीचं काम चाललंय पण खरं काम वेगळंच आहे, कंदील कशासाठी हे वाचकाला इथेच कळायला हवं. पान १८ वर कुणीही कुणाला काही समजावत बसलं तर तो सीन मेला.

पहिल्या ड्राफ्टमध्ये आबांच्या तोंडी एक लांबलचक बलून होता, पेवातली हवा कशी कोंडते, माणूस कसा बेशुद्ध पडतो, पूर्वी कुठे काय झालं होतं, सगळं. माहिती बरोबर होती पण त्या पॅनलमध्ये आबा दोर सोडतायत, हातातलं काम दोन सेकंदाचं आणि बोलणं अर्ध्या मिनिटाचं. कॉमिकमध्ये हे लगेच खटकतं, चित्रातला माणूस हात वर करून थांबलाय आणि बोलतोच आहे असं दिसतं. पॅनलमधलं बोलणं तेवढंच असावं जेवढं त्या कृतीला लागणाऱ्या वेळात बोलून होईल. आता असं आहे :

पान ५, पॅनल २. पेवाच्या तोंडाशी आबा, उजवीकडे. बबी डावीकडे, उकिडवी बसलेली.
बबी : दिवसाउजेडी कंदील कशाला ओ आबा?
आबा : आदी त्यो उतरतो. मग माणूस.

पॅनल ३. बबीचा चेहरा, जवळून. बलून नाही.

पॅनल ४. हमाल कमरेला दोर बांधतोय, आबांकडे बघतसुद्धा नाही.
आबा : त्यो इझला तर माणूसबी इझंल.

पॅनल ३ गप्प आहे म्हणून पॅनल ४ मधलं वाक्य ऐकू येतं. मधलं गप्प पॅनल काढून बघितलं तर दोन्ही वाक्यं एका दमात बोलल्यासारखी वाटतात आणि दुसरं वाक्य म्हणीसारखं सपाट होतं. हमाल लक्ष देत नाही हेही मुद्दाम, त्याच्यासाठी हे रोजचं आहे, आणि वाचकानेही ते रोजचं म्हणूनच लक्षात ठेवावं.

बबी डावीकडे कारण ती आधी बोलते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, आधी बोलणारा उजवीकडे उभा केला तर त्याचा बलून डावीकडे खेचावा लागतो आणि शेपट्या एकमेकींना कापतात. हे चित्रकारावर ढकलून चालत नाही, स्क्रिप्टमध्येच कोण कुठल्या बाजूला ते लिहायला पाहिजे. पेवाच्या सगळ्या सीनमध्ये बबी डावीकडे आणि आबा उजवीकडे, बदलायचं नाही.

१५ जून

पाणी चढण्याची पानं, ८ ते ११.

सांगलीत पूर येतो तेव्हा लोक पाऊस किती पडला असं विचारत नाहीत, पाणी किती फुटांवर असं विचारतात. फूट म्हणजे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ ला त्याच्याही वर, ५७ च्या पुढे. म्हणजे घड्याळ आयतंच आहे. तारीख, वेळ, ‘दुसऱ्या दिवशी’ अशी कॅप्शन एकही लागणार नाही, प्रत्येक पानावर कुणीतरी कुणालातरी आकडा विचारतो आणि वाचकाला कळतं किती वेळ गेला.

पान ८ वर सहा पॅनल आहेत. बाजार चालू, लोक बोलतायत, कोयनेतनं किती सोडलंय, अलमट्टीवाले दारं उघडणार का, चहा, छत्र्या. एकमेकांवर चढलेले बलून, सगळ्या पुस्तकात सगळ्यात जास्त बडबड याच पानावर. आकडा मधेच कुणीतरी सहज सांगतो, ‘छत्तीस’. पान ९ वर पाच पॅनल, ‘एक्केचाळीस’, आता लोक सामान वर चढवतायत आणि बोलणं निम्म्यावर आलंय. पान १० वर तीन पॅनल, ‘सत्तेचाळीस’, एवढाच एक बलून. पान ११ वर दोन पॅनल, कुणीच बोलत नाही, शेवटच्या पॅनलमध्ये आबा पाठमोरे उभे, नदीकडे तोंड. पान उलटलं की १२-१३, नुसतं पाणी, आणि त्यातून वर आलेली झाडांची टोकं.

पॅनल कमी होत जातात तसा वाचक एकेका चित्रावर जास्त थांबतो. लहान लहान पॅनल डोळा पटपट ओलांडतो, मोठ्या पॅनलमध्ये त्याला फिरायला जागा असते आणि वाचायला शब्द नसले तर तो फिरतोच. म्हणून शब्द आणि पॅनल दोन्ही एकाच वेळी कमी करायचे. पॅनल मोठं करून त्यात कॅप्शन भरली की वाचक कॅप्शन वाचतो आणि पान उलटतो, मोठं चित्र नुसतं मागचा पडदा होऊन बसतं.

मैत्रिणीनं एक फार चांगली गोष्ट सुचवली. पान ८ ला बलून पॅनलमध्ये कुठेही आहेत, पान ९ ला सगळे वरच्या अर्ध्यात, पान १० चा एकुलता एक बलून अगदी वरच्या कडेला चिकटलेला. पाण्यानं बोलणं वर ढकलत नेल्यासारखं. वाचकाला हे वेगळं समजणार नाही कदाचित पण जाणवेल. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पॅनलपुढे ‘बलूनची जागा’ अशी ओळ वाढवली.

२१ जून

हरिपूरला जाऊन आलो. संगमेश्वराच्या देवळाच्या मागे कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे बराच वेळ उभा होतो, मग ज्यांनी पेवांवर काम केलंय अशा एका आजोबांशी बोललो. मला हवं होतं ते कसं बोलतात हे, आणि एक नेमकी गोष्ट, कंदील किती खाली गेलाय हे वरच्या माणसाला कसं कळतं. ते म्हणाले दोर हातातनं जातो की, हाताला कळतंय.

यावरून आबांच्या दोराला मी गाठी दिल्या. खरोखर कुणी गाठी मारायचे का ते मला माहीत नाही, गोष्टीतल्या आबांची ही स्वतःची सवय. प्रत्येक गाठीला एक अंक, आबा तोंडानं मोजतात. एक. दोन. तीन. संवाद म्हणून एवढंच पुरतं आणि प्रत्येक पॅनलला आपोआप एक ठोका मिळतो.

२७ जून

पान १६ ते १८ चे थंबनेल आले, म्हणजे काडेपेटीएवढ्या चौकटीत काढलेली कच्ची चित्रं. बहिणीचा मुलगा आठवीत आहे, त्याला न सांगता वाचायला दिली. पान १८ ला आला आणि म्हणाला, ‘कंदील पाण्यात पडला?’

हे महत्त्वाचं आहे. पान १२-१३ वर त्यानं एवढं पाणी बघितलंय की पेवात खाली पाणी असणार हेच त्याच्या डोक्यात पहिलं येतं, आणि ते चूक पण नाही, खाली पाणी आहेच. काळं पॅनल तीन गोष्टी सांगू शकतं : कंदील पाण्यात बुडाला, कंदील खूप खाली गेला म्हणून दिसत नाही, किंवा कंदील हवेअभावी विझला. मला तिसरीच हवीय. ‘नाही’ असं काही चित्रात काढता येत नाही. विझणं दाखवायचं तर आधी जळणं पुन्हा पुन्हा, त्याच जागेवरून, त्याच मापाच्या चौकटीत दाखवावं लागतं, म्हणजे फक्त एकच गोष्ट बदलली हे डोळ्याला कळतं.

थंबनेलमध्ये प्रत्येक पॅनलचा कोन वेगळा होता, एक वरून, एक बाजूनं, एक खालून आबांच्या चेहऱ्याकडे. सुटी सुटी बघितली तर चित्रं भारी आहेत, पण कोन बदलला की वाचक आधी ‘मी कुठे आहे’ हे शोधतो आणि उजेड कमी झाला ते त्याच्या लक्षातच येत नाही.

३० जून

नवीन ब्रेकडाउन. हे पूर्ण देतो कारण सगळं पुस्तक याच्यावर उभं आहे.

पान १६ (डावं), चार पॅनल.
१. पानाच्या रुंदीएवढं. पुरानंतरचं आवार, गाळ, पेवाच्या तोंडावरचा दगड. तिघंही लांबून. बलून नाही.
२. हमालाचे हात, दगड सरकतोय.
३. बबी, नाकाला फ्रॉक लावलेला. बबी : वास मारतोय.
४. आबांचे हात, कंदील पेटवतायत. बलून नाही.

पान १७ (उजवं), पाच पॅनल. डाव्या बाजूला एकच उभं पॅनल, पानाच्या पूर्ण उंचीचं : वर आबांचे हात, तिथून सरळ खाली गेलेला दोर, गाठी, अगदी खाली लहानसा उजेड. उजव्या बाजूला एकाखाली एक चार सारख्या चौकटी, चारही पेवात वरून डोकावल्यासारख्या, मधोमध गोल.
२. गोल उजळलेला, भिंतीचा पाला दिसतो. बलून नाही.
३. उजेड लहान. आबा : एक.
४. आणखी लहान. आबा : दोन.
५. नाण्याएवढा. आबा : तीन.

पान १८ (डावं), सहा पॅनल.
१. तीच चौकट, तोच गोल, पूर्ण काळा. आबा : चार.
२. कंदील वर आलाय. काच कोरडी, वातीतून धुराची रेघ.
३. काडी. कंदील पुन्हा पेटतो.
४. आबांच्या मुठीतून दोर सुटतोय, तीन गाठी मुठीखाली गेलेल्या. बलून नाही.
५. परत तोच काळा गोल. बलून नाही.
६. हमाल कमरेचा दोर सोडतोय. हमाल : उद्या बगू.

पॅनल २ मधली कोरडी काच म्हणजे ‘पाण्यात पडला नाही’. पॅनल ३ मध्ये तो लगेच पेटतो, म्हणजे तेल-वात ठीक आहे. पॅनल ५ मध्ये त्याच गाठीला परत विझतो म्हणजे योगायोग नाही, तिथून खाली हवाच वाईट आहे. एकही शब्द न लिहिता तिन्ही शंका फिटतात. आणि पॅनल ६ मध्ये हमाल दोर सोडतो, तो दोर त्यानं पान ५ ला बांधताना आपण बघितलाय.

भाच्याला परत दिलं. पान १८ ला थांबला, मग मागे जाऊन पान ५ उघडलं. तो मागे गेला हे मला सगळ्यात आवडलं.

५ जुलै

मैत्रिणीनं माझ्या स्क्रिप्टवर पेन्सिलीनं केलेल्या खुणा आल्या, एकूण रागच जास्त. तिचं म्हणणं बरोबर आहे. ‘आबा काडी ओढून कंदील पेटवतात आणि काच खाली करतात’ असं एका पॅनलमध्ये लिहिलं तर ती काय काढणार? एका पॅनलमध्ये एक माणूस एकच कृती करू शकतो, गोठलेला क्षण आहे तो. मधल्या कृती दोन पॅनलच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत वाचक स्वतः करून घेतो, त्या लिहायच्याच नाहीत. काडी दाखवली, पुढच्या पॅनलला जळता कंदील दाखवला, काच खाली आलीच.

तपासायची सोपी रीत : पॅनलच्या वर्णनात ‘आणि’, ‘मग’, किंवा ‘-ऊन’ वाली क्रियापदं आली की थांबायचं. एकतर पॅनल दोन करायची नाहीतर एक कृती निवडायची. सगळ्या स्क्रिप्टमधून या नजरेनं फिरलो, पान १४ आणि २१ सगळ्यात जास्त कापावं लागलं.

दुसरी खूण ‘आबांना वाईट वाटतं’ या ओळीवर. तिनं बाजूला लिहिलंय, वाईट वाटलेला माणूस हातानं काय करतो ते सांग. आता तिथे आहे : आबा ओल्या मातीचा लिंपण्याचा गोळा हातात धरून बसलेत, लिंपत नाहीत.

११ जुलै

लेटरिंग. अमेरिकन कॉमिक्समध्ये एक जुना हिशोब सांगतात, पॅनलला जास्तीत जास्त ३५ शब्द आणि पानाला २१०. तो मोठ्या पानाचा आणि इंग्रजीचा हिशोब. आपले शब्द कमी असतात पण लांब असतात, ‘कंदिलासकट’ हा एकच शब्द पण जागा तीन शब्दांची. शिवाय वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, त्यामुळे इंग्रजीपेक्षा ओळींत जास्त अंतर सोडावं लागतं. ए-५ वर आम्ही ठरवलं की बलूनला साधारण १२ शब्द आणि पॅनलला २०, त्याच्या वर जायचं नाही. पान ८ ची बडबडसुद्धा यातच बसवली, बलून जास्त पण प्रत्येकात दोन-तीनच शब्द.

हे स्क्रीनवर बघून ठरवू नका, स्क्रीनवर पान मोठं करून बघायची सवय असते आणि सगळं वाचता येतं. खऱ्या साइजला प्रिंट काढून, हातभर लांब धरून वाचायचं.

इंग्रजी कॉमिक्सचे बलून गोल असतात कारण लहान शब्द वर-खाली कमी आणि मधे जास्त असे रचता येतात. आपल्याकडे लांब शब्द तोडता येत नाही, तो बिचारा एकटाच एका ओळीत बसतो, म्हणून बलून आडवे, पसरट ठेवलेत. जोर द्यायचा शब्द ठळक, तिरका नाही, तिरकी देवनागरी पडल्यासारखी दिसते. आणि सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग चालू केली नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. घाईत ते नजरेतून सुटतं, म्हणून लेटरिंग झालं की कुणीतरी दुसऱ्यानं फक्त वेलांट्या बघत एकदा वाचायचं.

बोलीचं पण ठरवलं. आबा आणि हमाल पूर्ण इकडचं बोलतात, इझला, न्हाई, हाय, बगू. बबी शाळेत जाते, ती मधलं बोलते. पण बोली जशीच्या तशी लिहिली की वाचायचा वेग कमी होतो, अक्षर लावून लावून वाचावं लागतं, म्हणून एका बलूनमध्ये एखाददुसरं रूप पुरे, कान बाकीचं लावून घेतो. पान १८ चं ‘उद्या बगू’ मात्र तसंच राहणार, ‘बघू’ केलं की तो हमाल राहतच नाही.

१६ जुलै

पान १९ आणि २०.

पान १९ म्हणजे वाट बघणं. इथे मी सहा पॅनल मागितले होते, रात्र, सकाळ, कावळा वगैरे. मैत्रिणीनं तीन आडव्या पट्ट्या केल्या, तिन्हीत तेच आवार, तेच उघडं तोंड, फक्त सावली सरकलेली. तिसऱ्या पट्टीत दोर खाली गेलेला आणि आबा मोजतायत : पाच. सहा. सात. म्हणजे आज कंदील चारच्या खाली गेलाय. हे आकडे आता वाचकाच्या अंगात आहेत, पाच ऐकलं की तो सुटकेचा श्वास टाकतो आणि पान उलटतो.

पान २० एकच चित्र आहे. वरून, तोच गोल, आता पूर्ण पानभर. खाली कंदील जळतोय, त्याच्या उजेडात हळदीवर साठलेलं पाणी, गडद पिवळं, पुस्तकात दुसऱ्यांदा आणि शेवटचं. बलून ठेवायचा का यावर बरीच ओढाताण झाली. मी ‘आठ’ लिहिलं होतं, मोजणी पूर्ण करायला. काढलं. पान ५ वर पिवळा रंग आला तेव्हा पानभर माणसांचा आवाज होता, पोती मोजत होते, इथे कुणी मोजायचं कारण नाही.

पुढची चार पानं गोष्टीच्या दृष्टीनं छोटी आहेत, गाळ काढणं, हळद फेकणं, तोंड बुजवणं. पान २३ वर बबी आबांना एक प्रश्न विचारते आणि आबा उत्तर देतात. तो संवाद अजून जुळत नाही, दोघांपैकी एकजण नेहमी जास्त शहाणं बोलून जातं. सध्या बबीचा प्रश्न ठेवून आबांचा बलून रिकामा सोडलाय.

२० जुलै

हरिपूरच्या आजोबांना १६ ते २० पानं दाखवली. चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. कंदिलाची काच त्यांना पटली, हमालाची दोर बांधायची जागा नाही पटली, दोर कमरेला नाही, काखेखालून घ्यायचा, म्हणजे माणूस बेशुद्ध पडला तरी वर ओढताना उलटा होत नाही. पान ५ आणि १८ दोन्हीकडे बदललं. गोष्टीसाठीही हे बरं, काखेखालचा दोर सोडायला दोन्ही हात वर करावे लागतात आणि पॅनल ६ मधली आकृती लांबूनही ओळखू येते.

त्यांनीच विचारलं की हे पोरं वाचणार का. वाचणार, म्हणून मागच्या कव्हरच्या आत एक साधी चौकट टाकतोय : विहीर, टाकी, सेप्टिक टँक किंवा बंद खड्ड्यात कंदील लावून बघणं आज पुरेसं नाही. कंदील जळत असला तरी विषारी वायू असू शकतात, आणि पेटणारा वायू असेल तर कंदिलानंच भडका उडेल. मीटरनं हवा तपासल्याशिवाय उतरायचं नाही आणि कुणी आत पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. गोष्टीच्या पानांत हे कुणाच्या तोंडी घातलं नाही, वेगळ्या टाइपात, वेगळ्या पानावर.

मैत्रीण उद्यापासून पक्की चित्रं सुरू करतेय. पान १ पासून नाही, १७ पासून, कारण त्या गोल चौकटीचं माप ठरलं की पान ५, १८, १९ आणि २० ची मापं त्यावरूनच निघतात. मी तोवर पान २३.